चटणीचा हंगाम आणि महिन्याचा दर

मी कोल्हापुरात छोट्या व्यावसायिकांचं सोशल मीडिया सांभाळते. लोगो, माहितीपत्रक, लग्नाची पत्रिका अशा सुट्या कामांचा दर सांगणं मला कधी अवघड गेलं नाही, कारण त्या कामाला शेवट असतो. महिन्याच्या कामाला, म्हणजे ज्याला आमच्याकडे सगळे रिटेनर म्हणतात त्याला, शेवट नसतो. आज चार पोस्ट, उद्या "जरा एवढं बघा की", परवा रात्री दहाला आलेला एखाद्या गिऱ्हाइकाचा मेसेज. त्यामुळे त्याचा दर ठरवणं म्हणजे आधी त्या कामाला कुंपण घालणं. हे मी सर्वांत नीट एका चटणीवाल्या कुटुंबाच्या कामात केलं. तो हिशेब जसा झाला तसा इथे मांडते.

दादा, त्यांचा धाकटा भाऊ आणि वहिनी असे तिघं मिळून डंकावर कुटलेली कांदा-लसूण चटणी करतात. सोबत साधं तिखट, येसर, शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी. नवी मिरची बाजारात आली की मार्च ते मे हा त्यांचा खरा हंगाम. वर्षाची चटणी एकदम करून ठेवायची पद्धत अजून टिकून आहे, आणि पुण्या-मुंबईला गेलेले कोल्हापूरकर ती फोन करून मागवतात. पावसाळ्यात विक्री पार खाली येते. त्यांना इन्स्टाग्राम, फेसबुक पेज आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या चौकशा असं सगळं कुणीतरी सांभाळायला हवं होतं.

"ताई, महिन्याला काय घेणार?" हा दादांचा पहिलाच प्रश्न होता. त्यांना एकाने 5,000 रुपयांत महिन्याला 30 पोस्ट देतो असं सांगितलं होतं. त्यांच्या मनात 8,000 पर्यंतचा आकडा होता. मी त्या दिवशी आकडा सांगितला नाही. "दादा, महिनाभर काम करून तास मोजते, मग सांगते," एवढंच म्हटलं. असं सांगितल्यावर काही लोक दुसरीकडे जातात. दादा थांबले, कारण त्यांना स्वतःलाही किलोमागचा हिशेब लावल्याशिवाय भाव सांगायची सवय नाही.

माझ्या बाजूचा हिशेब तयार होता. तो मी दर वर्षी एप्रिलमध्ये नव्याने करते. घरासाठी मला महिन्याला 35,000 रुपये काढता आले पाहिजेत, म्हणजे वर्षाचे 4,20,000. त्याशिवाय धंद्याचा खर्च: इंटरनेट आणि मोबाइल 14,000, लॅपटॉप आणि फोन चार वर्षांनी बदलावे लागतात म्हणून त्यांच्यापोटी वर्षाला 22,500, डिझाइनचं अ‍ॅप आणि क्लाउडची जागा 7,500, पेट्रोल 18,000, सीए 6,000, आरोग्य विमा 14,000. हे झाले 82,000. एखादं गिऱ्हाईक मध्येच थांबतं, एखाद्याचे पैसे अडकतात, त्यासाठी मी वर साधारण दहा टक्के, 50,000, धरते. एकूण 5,52,000. एवढ्या उत्पन्नावर नव्या करपद्धतीत आयकर लागत नाही, म्हणून तो यात नाही. ज्यांना लागतो त्यांनी तो इथेच मिळवायला हवा.

आता हे पैसे किती तासांतून यायचे? वर्षाच्या 52 आठवड्यांतून सण, लग्नं आणि आजारपण यांचे सहा वजा केले तर 46 उरतात. आठवड्याला मी 40 तास कामाला बसले, तरी बिल लावता येतं ते फक्त 24 तासांचं. बाकीचा वेळ नवीन गिऱ्हाइकांशी बोलणं, बिलं, पैशांचा पाठपुरावा आणि शिकण्यात जातो. 46 गुणिले 24 म्हणजे 1,104 तास. 5,52,000 भागिले 1,104 म्हणजे तासाला 500 रुपये. हा माझा तळ. याच्याखाली काम केलं तर वर्षाच्या शेवटी खड्डा पडतो, मग ते गिऱ्हाईक कितीही चांगलं असो. या गणितात खरा घोळ त्या 24 या आकड्यात होतो. बरेच जण तिथे 40 धरतात, तासाचा दर 300 वर येतो, आणि मग रात्री जागून तो भरून काढावा लागतो.

या तळावरून 5,000 रुपयांत 30 पोस्ट म्हणजे काय हेही कळतं. 5,000 रुपये म्हणजे माझे दहा तास, म्हणजे एका पोस्टला 20 मिनिटं. 20 मिनिटांत तयार साच्यात सणाच्या शुभेच्छा आणि दुकानाचं नाव बसतं. शूटिंग बसत नाही, रील बसत नाही, कुणाच्या प्रश्नाला उत्तर देणं बसत नाही. तो माणूस फसवत होता असं मला वाटत नाही. तो वेगळी वस्तू विकत होता. दादांना मी हेच सांगितलं आणि त्यांना ते लगेच पटलं, कारण गिरणीतलं तिखट आणि डंकावरची चटणी यांच्या भावातला फरक गिऱ्हाइकांना समजावण्यात त्यांचा निम्मा दिवस जातो.

जानेवारीत आम्ही एक महिना चाचणीचा ठरवला. त्या महिन्याचे 12,000, आणि खाती नीट लावून देण्याचे 3,000 वेगळे. हा दर एका महिन्यापुरता आहे, पुढच्या दराशी त्याचा संबंध नाही, असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं आणि त्यांचं "चालेल" घेतलं. हे वाक्य लिहिलेलं असणं फार महत्त्वाचं आहे. नाहीतर चाचणीचा दर हाच कायमचा दर होऊन बसतो. खाती लावण्याच्या कामात पेज त्यांच्याच नावावर करणं, मला पासवर्ड न घेता मेटा बिझनेसमधून प्रवेश देणं, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर कॅटलॉग भरणं, एवढं होतं. ते एकदाच करायचं काम असतं, म्हणून ते महिन्याच्या दरात कधीच मिसळू नये.

त्या महिन्यात दादांना जे जे हवं होतं ते सगळं मी केलं आणि प्रत्येक गोष्टीचा वेळ लिहून ठेवला. आठ पोस्ट, चार रील, स्टोरी, सगळ्या मेसेजना उत्तरं. महिन्याचं नियोजन दोन तास. कारखान्यावर जाऊन शूटिंग, येण्याजाण्यासह, चार तास. रीलला प्रत्येकी दोन, म्हणजे आठ तास. पोस्टला मजकुरासकट पाऊण तास, म्हणजे सहा. दुरुस्त्या आणि मंजुरी तीन तास. शेड्यूल करणं आणि स्टोरी दोन. महिन्याअखेरचा अहवाल आणि बैठक दीड. ही बेरीज साडेसव्वीस तास. आणि मेसेज व कमेंटना उत्तरं? रोज फक्त 20 मिनिटं. पण महिन्याचे 26 दिवस धरले की ती आठ तास 40 मिनिटं होतात. एकूण 35 तास.

मेसेजच्या या ओळीकडे दर ठरवताना कुणी बघत नाही, कारण ती पोस्टसारखी मोजून दाखवता येत नाही. दादांच्या डोळ्यांसमोर 12 पोस्ट होत्या. माझ्या नोंदीत सर्वांत मोठी ओळ "भाव काय?", "पुण्याला पाठवता का?", "बिनलसणाची मिळेल का?" या प्रश्नांची होती. शिवाय ती 20 मिनिटं सलग नसतात. दिवसभरात पाचसहा वेळा दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम थांबवून फोन उचलायचा, मग पुन्हा आपल्या कामात मन लावायचं. ते मोडणं मी तासात धरलेलंही नाही.

35 तास गुणिले 500 म्हणजे 17,500. चाचणीच्या महिन्यात मला तासाला साधारण 340 रुपये मिळाले होते, आणि ते मला माहीत असूनच मी घेतलं होतं. आता प्रश्न असा होता की 17,500 हा दर दादांसमोर ठेवायचा का.

इथे मी त्यांच्या बाजूचा हिशेब मागितला, आणि माझ्या मते रिटेनरचा दर ठरवण्यातली हीच पायरी सर्वांत जास्त गाळली जाते. आपला तळ आपल्याला कळतो, पण समोरच्याचं छत कुठे आहे हे विचारायला आपण लाजतो. मी विचारलं, "दादा, एका किलोमागं तुमच्या हातात काय राहतं?" ते जरा थबकले. वहिनींनी वही काढली. चटणी 640 रुपये किलोने जाते. मिरची, कांदा, लसूण, खोबरं, मसाले, तेल, कुटणावळ, मजुरी आणि पॅकिंग वजा जाता किलोमागे 160 रुपये उरतात.

17,500 भागिले 160 म्हणजे जवळपास 110 किलो. म्हणजे माझ्या कामामुळे महिन्याला 110 किलो जादा चटणी खपली, तर त्यांचं फक्त नुकसान होणार नाही, फायदा शून्य. पावसाळ्यात त्यांची फोनवरची एकूण विक्रीच 70 किलोच्या आसपास होती. हा दर त्यांनी उत्साहात मान्य केला असता तरी तीन महिन्यांत ते काम बंद करावं लागलं असतं, आणि त्यांनी ते केलं असतं तर ते बरोबरच होतं. आम्ही दोघांनी मिळून अंदाज बांधला की वर्षाची सरासरी धरली तर महिन्याला 60 ते 65 किलो जादा विक्री होणं शक्य आहे. म्हणजे छत 10,000 च्या जवळ.

तळ तासाला 500 आणि छत महिन्याला 10,000. यातून उत्तर एकच निघतं: महिन्याला 20 तास. तासाचा दर कमी करून 35 तास 10,000 ला द्यायचे नाहीत. काम 20 तासांत बसेल एवढं करायचं. ज्यांना हे दोन्ही सारखंच वाटतं त्यांनी एकदा सहा महिने पहिल्या पद्धतीने काम करून बघावं असंही मी म्हणणार नाही, त्यात नुकसान गिऱ्हाइकाचंही होतं. ज्याचे तास भरत नाहीत त्याचं काम मनात मागे पडतं, पोस्ट उशिरा जायला लागतात आणि दोघांनाही कारण कळत नाही.

मग आम्ही एकेक ओळ घेऊन बसलो. मेसेजची ओळ सर्वांत आधी. भावाचं, पाठवणीचं, तिखटपणाचं उत्तर वहिनी माझ्यापेक्षा चांगलं देतात, कारण त्यांना चटणी माहीत आहे. मी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये तयार उत्तरं भरून दिली, "/" दाबून शब्द टाकला की पूर्ण उत्तर येतं: भाव, पाठवणीचा खर्च, पैसे कसे भरायचे, किती दिवस टिकते. इन्स्टाग्रामवर विचारणाऱ्यालाही तिकडेच वळवायचं. माझ्याकडे फक्त कमेंटवर आठवड्यातून दोनदा नजर टाकणं राहिलं, महिन्याला दीड तास. आठ तास 40 मिनिटांवरून दीड तास. एकट्या या बदलाने जेवढी बचत झाली तेवढी बाकी कुठल्याच ओळीतून झाली नाही.

रील चारवरून दोन, म्हणजे चार तास. पोस्ट आठवरून सहा, म्हणजे साडेचार. शूटिंगला मी एक महिन्याआड जाणार, म्हणजे सरासरी दोन तास. मधल्या महिन्यात धाकटा भाऊ फोनवर छोटे तुकडे काढून पाठवणार. फोन आडवा की उभा, उजेड कुठून, मिरची भाजताना कॅमेरा धुरापासून किती लांब, हे त्याला मी एकदा दाखवलं. नियोजन दीड तास, दुरुस्त्या दीड, शेड्यूल आणि स्टोरी दीड, अहवाल एक. बेरीज साडेसतरा तास. उरलेले अडीच तास मी मुद्दाम मोकळे ठेवले. भाव अचानक बदलतो, एखाद्या सणाला पोस्ट हवी असते, कुणाचं पार्सल फुटतं आणि ते सगळ्यांसमोर कमेंटमध्ये लिहितं. ज्या रिटेनरमध्ये असे मोकळे तास नसतात, तिथे प्रत्येक छोटी विनंती वादाची होते.

20 तास, 10,000 रुपये. इथे बहुतेक जण थांबतात. पण चटणीच्या धंद्यात बारा महिने सारखे नसतात, म्हणून मला अजून एक गोष्ट बघायची होती. मार्च ते मेमध्ये काम वाढणार, जूननंतर घटणार हे उघड होतं. सगळ्या महिन्यांना सारखेच 10,000 घेतले, आणि हंगामात 28 तास काम केलं, तर मेअखेर माझे 84 तास झालेले असतात आणि पैसे 60 तासांचे आलेले असतात. ते 24 तास मी पावसाळ्यात भरून काढणार. पण गिऱ्हाईक जूनमध्येच थांबलं तर? त्याचा दोष नाही, त्याचा हंगाम संपलेला असतो. आपले 12,000 रुपये मात्र गेलेले असतात. हॉटेल, क्लासेस, रेनकोट-छत्र्यांची दुकानं, राख्या करणाऱ्या बायका, ज्यांचा धंदा हंगामी आहे त्या सगळ्यांच्या बाबतीत सपाट दराचा हा धोका असतो.

म्हणून तीन दर ठेवले. मार्च ते मे महिन्याला 28 तास आणि 14,000. जून ते ऑगस्ट 14 तास आणि 7,000. उरलेले सहा महिने 19 तास आणि 9,500. बेरीज केली की 42,000, 21,000 आणि 57,000, म्हणजे वर्षाचे 1,20,000 आणि 240 तास. सरासरी तीच राहिली, पण ज्या महिन्यात काम त्याच महिन्यात पैसे, आणि दादांच्या हातातही पैसे त्याच महिन्यांत येतात. वहिनींना हा भाग सर्वांत आवडला. "पावसाळ्यात दहा हजार कुठनं काढायचे याचाच घोर होता," त्या म्हणाल्या.

जाहिरातीचे पैसे या दरात नाहीत. ते दादांच्या खात्यातून, त्यांच्याच जाहिरात खात्यात थेट जातात. 5,000 ची जाहिरात केली की वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5,900 जातात, हे आधीच सांगून ठेवलं. काही जण जाहिरातीच्या खर्चावर दहा-पंधरा टक्के घेतात. 5,000 वर ते 500 ते 750 रुपये होतात, म्हणजे तास-दीड तास. जाहिरात लावणं, प्रेक्षक निवडणं, मध्ये दोनदा बघणं याला तीन तास लागतात. छोट्या रकमेवर टक्केवारी कधीच पुरत नाही, म्हणून ते तीन तास मी हंगामाच्या 28 मध्येच धरले. माझ्या स्वतःच्या बिलावर जीएसटी नाही, कारण माझी वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे आणि मी नोंदणी केलेली नाही. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावता येत नाही, हे दादांच्या सीएनेही विचारून घेतलं.

अटी मी एका पानात मराठीत लिहिल्या. पैसे महिन्याच्या 5 तारखेपर्यंत आगाऊ. 10 तारखेपर्यंत आले नाहीत तर पुढचं शेड्यूल थांबतं, आधी लावलेलं राहतं. पुढच्या महिन्याची यादी 25 तारखेला जाते आणि तीन दिवसांत मंजूर होते. प्रत्येक पोस्टला दुरुस्तीची एक फेरी. त्यांच्याकडून फोटो किंवा मंजुरी उशिरा आल्यामुळे राहिलेल्या पोस्टपैकी दोनच पुढच्या महिन्यात जातात. ही शेवटची अट लिहिली नाही तर काय होतं ते मी इतरांच्या कामात पाहिलं आहे. तीन महिन्यांच्या राहिलेल्या पोस्ट साठतात आणि चौथ्या महिन्यात सगळ्या एकदम मागितल्या जातात, तेही ऐन सणात. जादा काम तासाला 600, कारण ते माझ्या दुसऱ्या कोणाच्या तरी वेळेतून येतं. थांबायचं असेल तर 30 दिवस आधी सांगायचं, दोघांनीही. सगळे फोटो, क्लिप आणि खाती त्यांची.

मार्चमध्ये काम सुरू झालं आणि महिन्याअखेर माझ्या नोंदीत 28 ऐवजी 33 तास निघाले. 14,000 भागिले 33, म्हणजे तासाला 424. ओळीने बघितलं तर शूटिंग, रील, पोस्ट सगळं ठरल्याप्रमाणे होतं. दुरुस्त्यांना मात्र दोनऐवजी साडेसहा तास लागले होते. कारण लगेच सापडलं. मंजुरीसाठी पोस्ट घरच्या ग्रुपवर जात होती. दादा म्हणायचे भाव मोठा टाका, भाऊ म्हणायचा भाव टाकूच नका, वहिनींना डब्याचा फोटो हवा असायचा. प्रत्येक जण एकदाच सांगत होता, पण माझ्यासाठी त्या तीन फेऱ्या होत होत्या. तासांची नुसती बेरीज ठेवली असती तर मला वाटलं असतं की दर कमी पडतोय. ओळीने नोंद होती म्हणून कळलं की दर बरोबर आहे, गाठ मंजुरीत आहे.

मी ती नोंद तशीच दादांना दाखवली. जादाचे पैसे मागितले नाहीत, कारण एक फेरी म्हणजे तिघांची मिळून एक, हे पानात स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. "मंजुरी एकाच माणसाकडून यावी, तुम्ही तिघं आपसात ठरवा," एवढं सांगितलं. त्यांनी वहिनींना नेमलं. एप्रिलमध्ये 29 तास झाले, मेमध्ये 27. दर महिन्याला तासाचा आकडा काढून बघते तेव्हा माझा नियम असा आहे की एक महिना 450 च्या खाली गेला तर कारण शोधायचं, आणि कारण सापडून काढल्यावरही सलग तीन महिने खाली राहिला तरच दर वाढवायचं बोलायचं.

विक्रीचं काय झालं हे मोजायला वहिनींनी ऑर्डरच्या वहीत "कुठून कळलं" असा एक रकाना आखला. मार्चमध्ये इन्स्टाग्राम किंवा जाहिरातीवरून आलेल्यांनी 52 किलो नेली, एप्रिलमध्ये 148, मेमध्ये 175. एकूण 375 किलो, म्हणजे 60,000 रुपये त्यांच्या हातात. त्यातून माझे 42,000 आणि दोन महिन्यांच्या जाहिरातीचे 11,800 वजा केले की 6,200 उरतात. हा मोठा फायदा नाही, आणि मी तो मोठा करून सांगितला नाही. रकानाही पूर्ण खरा नसतो. बहिणीने सांगितलं म्हणून फोन करणारीही "इन्स्टावर बघितलं" म्हणते, आणि उलटही होतं. पण चटणी वर्षाची घेतात, आवडली तर पुढच्या वर्षी तेच घर पुन्हा मागवतं. ते पुढच्या मार्चमध्ये त्याच वहीत दिसेल.

मेच्या शेवटी दादांनी विचारलं, "पावसाळ्यात बंद ठेवूया का, ताई?" त्यांचा हिशेब साधा होता. 7,000 भागिले 160 म्हणजे 44 किलो, आणि पावसाळ्यात एवढी जादा चटणी जाणार नाही. ते बरोबर होतं. मी त्यांना दोन पर्याय दिले. पूर्ण थांबायचं तर थांबा, 30 दिवसांची सूचना पुरे, पण ते तास मी दुसऱ्याला देणार आणि सप्टेंबरमध्ये जागा असेलच असं नाही. किंवा 14 तासांऐवजी दहा तास ठेवू, 5,000 रुपये. त्यात रील नाही. चार पोस्ट, कमेंटवर नजर, आणि पाव किलोच्या शेंगदाणा आणि जवस चटणीची विक्री वाढते का ते बघणं. 5,000 साठी सुद्धा 31 किलो लागतात, म्हणून तेही पूर्ण सुटेलच असं मी म्हटलं नाही.

दोन दिवसांनी वहिनींचा फोन आला. त्यांनी दुसरा पर्याय घेतला, पण एक अट घालून: जुलैअखेर "कुठून कळलं" रकान्यात 40 किलोच्या खाली राहिलं तर ऑगस्ट बंद. दोन महिन्यांच्या 10,000 रुपयांसाठी त्यांना साडेबासष्ट किलो लागणार होते, तरी त्यांनी 40 वर रेघ मारली, कारण सप्टेंबरची जागा त्यांना हवी होती. मी ते जसंच्या तसं पानाखाली लिहिलं आणि नव्या दराची तारीख टाकली.